मित्राचं केळवण आणि पाच मिनिटांची खेचाखेची: मसुदा वाचून सांगा

पायवाट

पुढच्या शनिवारी आमच्या ग्रुपमधल्या एकाचं केळवण आहे. फक्त मित्रमैत्रिणी, घरचं कुणी नाही. पुण्यात एका हॉटेलची मागची खोली घेतली आहे. आम्ही चौदा जण, त्यात होणारी वहिनी आणि तिच्या दोन मैत्रिणी. मी पाच मिनिटं बोलायचं असं ठरलंय. हार-तुऱ्याचं भाषण नको, त्याची मस्त फिरकी घ्यायची आहे. पण तो माझा अकरावीपासूनचा मित्र आहे. घरी जाताना त्याला काहीही टोचायला नको, ही माझी एकच अट.

ग्रुपमध्ये त्याला 'नकाशा' म्हणतात. पहिला मसुदा असा:

> नमस्कार मंडळी. आज आपण ज्याच्यासाठी जमलो आहोत त्या नकाशाबद्दल मी दोन शब्द बोलणार आहे. याने आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारला नाही. दिवेआगरला जाताना म्हसळ्याच्या पुढे 'इथून शॉर्टकट आहे, अर्ध्या तासात पोचू' असं म्हणाला आणि त्याने गाडी एका घराच्या अंगणात नेली. तिथल्या आजी मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची वाट बघत होत्या आणि त्यांनी आम्हाला पोहे दिले. दुसऱ्या वर्षाला याच्या चार केट्या लागल्या होत्या. तेव्हा डोक्यावर केस होते, आता तेही रस्ता चुकले. कॉलेजात याचं एक प्रकरण होतं, पण ते आज नको. पण काही म्हणा, मुलगा मनाने सोनं आहे.

वाचताना मला हसू येतं, पण कुठेतरी अडतंय. कुठे ते कळत नाही.

काकडआरती

सर्वप्रथम अभिनंदन. 'नमस्कार मंडळी' ऐवजी व्यासपीठावरील वडीलधाऱ्यांचा उल्लेख करावा. वधूच्या आईवडिलांचं नाव आधी घ्यावं, मग वराचे मामा. केट्यांचा विषय रिसेप्शनमध्ये शोभणार नाही. आणि केळवण हे नातेवाइकांनी करायचं असतं, मित्रांनी नव्हे.

पायवाट

काका, रिसेप्शन नाही हो, मित्रांचं जेवण आहे. व्यासपीठ नाही, एक लांब टेबल आहे.

सदाफुली

मित्रांनी केलेलं केळवणही केळवणच. आमच्याकडे तर शेजारी, ऑफिसातले, सगळे करतात. लग्नाआधी आपल्या माणसाला बोलावून पोटभर जेवू घालायचं, एवढंच त्यात असतं. देवक बसायच्या आत झालं म्हणजे झालं. भाषणानंतर त्याच्याकडून उखाणा मात्र घ्याच.

रविवारचा पाहुणा

माझा सल्ला सरळ आहे. पूर्ण भाषण नवऱ्या मुलाला आधी वाचायला दे. त्याने हो म्हटलं की प्रश्नच मिटला. आणि सगळ्यात मोठा विनोद सुरुवातीलाच टाक, लोक तिथेच पकडले जातात.

शेवटचा बाक

एकांकिकांच्या तालमींत बरीच वर्षं काढली, आणि मित्रांच्या लग्नात माईक बहुतेक माझ्याच हातात असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

परवानगीबद्दल पाहुण्यांचं अर्धं बरोबर आहे. पूर्ण भाषण दाखवलं तर तो त्या दिवशी ऐकत नाही, पुढचं वाक्य आठवत बसतो. त्याचा चेहरा हा अर्धा कार्यक्रम असतो, तोच हातचा जातो. म्हणून त्याला एवढंच विचार, 'कुठल्या तीन गोष्टी काढायच्या नाहीत?' त्याने सांगितल्या की कारण विचारू नकोस. आणि हाच प्रश्न वहिनीला वेगळा विचार. त्याला जे चालतं ते तिला चालेलच असं नाही.

आता मसुदा. केस आणि 'प्रकरण' आजच काढ. केसांवर तो काही करू शकत नाही. माणूस जे करतो त्यावर हसलं की तोही हसतो, जे त्याच्या हातात नाही त्यावर हसलं की तो फक्त दात दाखवतो. आणि 'प्रकरण होतं, पण ते आज नको' हे तर सांगण्यापेक्षा वाईट. सांगितलं असतंस तर एक गोष्ट कळली असती, न सांगून तू टेबलावरच्या तीन मुलींच्या डोक्यात दहा गोष्टी सोडल्यास.

मग उरतं काय? रस्ता न विचारणं. ते भरपूर आहे. पाच मिनिटांत एकच खोड पुरते. केट्या, केस, प्रकरण अशी यादी झाली की ऐकणाऱ्याला वाटतं, याला हा मुलगा आवडत नाही का. एकाच खोडीच्या तीन गोष्टी सांगितल्या की वाटतं, याचं या मुलाकडे किती बारीक लक्ष आहे.

मोठा विनोद आधी टाकायचा नाही. पहिली दोन मिनिटं लोक ताटाकडे बघत असतात, कोण बोलतोय ते समजून घेत असतात. सुरुवातीला छोटं आणि नक्की हसवणारं काहीतरी हवं.

आणि एक विचारतो. 'मनाने सोनं' म्हणजे त्याने नक्की काय केलं? कुठल्या दिवशी?

पायवाट

हा प्रश्न वाचून बराच वेळ बसून होतो.

आम्ही राजगड-तोरणा केला होता. गुंजवण्यातून राजगड, मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून डोंगरधारेने तोरण्याकडे. बुधला माचीच्या अलीकडे माझा गुडघा गेला. तोरण्यावर कसाबसा पोचलो, पण वेल्ह्याकडे उतरताना पाय टेकवेना. बाकीचे शेवटची एसटी धरायला पुढे गेले. हा माझी सॅक पुढे, स्वतःची मागे अशा दोन्ही लावून माझ्या मागून चालत राहिला. दर थोड्या वेळाने मी विचारायचो, 'अजून किती?' हा म्हणायचा, 'अर्धा तास.' अंधार पडल्यावर वेल्ह्यात पोचलो. जवळजवळ चार तास लागले. मी चिडलो होतो, म्हटलं तुला अंतराचा काही अंदाजच नाही. तर म्हणाला, 'माहीत होतं रे मला. चार तास सांगितले असते तर तू खाली बसला असतास.'

सदाफुली

अरे हे मसुद्यात का नाही!

शेवटचा बाक

हा तुझा शेवट. आता मागे जाऊन बघ, दिवेआगरच्या गोष्टीतही 'अर्ध्या तासात पोचू' आहे. तुझ्या हातात आधीपासूनच होतं ते. 'अर्धा तास' हे दोन शब्द प्रत्येक गोष्टीत, त्याच आवाजात, त्याच जागी आण. दोनदा लोक हसतील. तिसऱ्यांदा तू म्हणायच्या आधी तेच म्हणतील. चौथ्यांदा वेल्ह्याच्या उतारावर म्हणशील तेव्हा कुणी हसणार नाही. लोकांना वाटत होतं हा चुकतो, इथे कळतं की याला माहीत होतं. तू प्रेमाने बोलतोयस हे वेगळं सांगावं लागत नाही, 'मनाने सोनं' पुसून टाक.

आता एक भाषेची गोष्ट, ती माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे लिहिताना वाक्य 'होत्या', 'दिले', 'नेली' वर संपतं आणि हसवणारा शब्द मध्ये गाडला जातो. लोक हसायला लागतात आणि तू अजून 'होत्या' म्हणत असतोस. बोलताना आपण मुळात असं बोलतच नाही, लिहिताना होतं. तुझं वाक्य घे:

> तिथल्या आजी मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची वाट बघत होत्या आणि त्यांनी आम्हाला पोहे दिले.

सगळं आधीच फोडून टाकलंस. पाहुणे येणार होते हे लोकांना तेव्हाच कळू दे, जेव्हा तुम्हाला कळलं. असं बघ:

> वळण घेतलं आणि समोर आलं तुळशीवृंदावन. आजी बाहेर आल्या. आम्हा पाचही जणांकडे एकेक करून नीट बघितलं. म्हणाल्या, 'या, या. तुमच्यातला मुलगा कुठला?'

इथे थांब. श्वास घे. हसू वर चढतं, मग उतरायला लागतं. ते निम्मं उतरलं की पुढचं वाक्य. पूर्ण शांत होऊ दिलंस तर परत पहिल्यापासून चढायला लागतं.

रविवारचा पाहुणा

हे पटलं. माझा मुद्दा मागे घेतो, निदान मोठ्या विनोदाबाबत. परवानगीबाबत नाही. मी असतो तर मला वाचायला आवडलं असतं.

पायवाट

आम्ही पाच जण होतो हे खरंच आहे, आणि आजींनी विचारल्यावर आम्ही चौघांनी याच्याकडे बोट दाखवलं होतं! लिहायचं विसरलो होतो. नंतर खरं सांगितलं, तरी त्यांनी पोहे आणि कोकम सरबत दिल्याशिवाय सोडलं नाही.

शेवटचा बाक

मग 'आम्ही चौघांनी बोट दाखवलं याच्याकडे' हेच पुढचं वाक्य. 'याच्याकडे' शेवटी. म्हणताना खरंच बोट दाखव.

निळावंती

माझा अनुभव सांगते, कारण इथे तो कुणालातरी उपयोगी पडेल. आमच्या ग्रुपच्या अशाच जेवणात मी मित्रावर बोलले होते. मध्ये दीड वर्ष त्याच्याकडे नोकरी नव्हती आणि तो रोज फॉर्मल शर्ट घालून आमच्या कट्ट्यावर यायचा. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, तोही त्यावर स्वतः विनोद करायचा. मी सांगितलं, सगळे हसले, तोही. पण त्याच्या होणाऱ्या बायकोला ते दीड वर्ष माहीतच नव्हतं. तिने काही विचारलं नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. पुढचं जेवण कसं झालं मला आठवत नाही. लग्नाला मी गेले, पण आमचं बोलणं पूर्वीसारखं व्हायला वर्ष गेलं. मला आजही वाईट वाटतं.

म्हणून केट्या काढ असं म्हणते. तो स्वतःवर कुठे हसतो आणि कुणासमोर हसतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रविवारचा पाहुणा

केट्या आणि नोकरी यात फरक आहे ना. इंजिनिअरिंगला केटी न लागलेला माणूस शोधून दाखवा.

निळावंती

फरक आहे. पण तिच्या मैत्रिणी टेबलावर आहेत. उद्या ते तिच्या घरी कसं पोचेल, कुणाच्या तोंडून, हे आपल्या हातात नाही.

शेवटचा बाक

केट्यांबाबत मी कुंपणावर आहे. वहिनीला माहीत असतील तर एका वाक्यात चालतील असं वाटतं. पण या भाषणात त्या रस्त्यात बसत नाहीत, म्हणून मी काढल्या असत्या.

निळावंतींच्या गोष्टीवरून एक. नवरा मुलगा मोठ्याने हसतोय का हे बघू नकोस, हसायच्या आधी तो कुठे बघतो ते बघ. गोष्ट सुरू झाल्यावर त्याची नजर आधी वहिनीकडे गेली, तर तिथे काहीतरी आहे. ती गोष्ट तिथेच आवर आणि थेट शेवटाकडे जा. त्यासाठी शेवटची सहा-सात वाक्यं पाठ हवीत, बाकीचे मुद्दे चिठ्ठीवर असले तरी चालतील. उभं राहताना त्याच्या मागे राहू नकोस. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जिथून त्याचा चेहरा दिसेल.

उंबरठा

आमचा एक मित्र न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर होता अशाच जेवणाला. त्याचं हसू दोन सेकंद उशिरा यायचं आणि बोलणारा प्रत्येक वेळी दचकायचा. कुणी बाहेरून जोडलं जाणार असेल तर भाषणापुरता आवाज बंद करायला सांगा. आणि रेकॉर्डिंगचं ठरवून ठेवा. चौदा जणांसाठीचं भाषण फॅमिली ग्रुपवर गेलं की ते वेगळंच भाषण होतं.

काकडआरती

आता नीट वाचलं. आमच्या वेळी ही कामं कानपिळीला व्हायची. मुलीचा भाऊ कान पिळायचा आणि जावईबापूंची सगळ्यांसमोर थट्टा व्हायची. पण पिळणारा हलक्या हाताने पिळायचा, आणि नवरदेव त्याला वर भेट द्यायचा. मुलाला एक सुचवतो. शेवट करताना 'हा' सोडून 'तू' म्हण.

शेवटचा बाक

काका, हे फार चांगलं सांगितलंत. पूर्ण फिरकी 'हा', 'याने', 'याला' अशी टेबलाकडे बघून. वेल्ह्याच्या शेवटच्या वाक्याला त्याच्याकडे वळायचं आणि पहिल्यांदाच 'तू'. बाकी काही करावं लागत नाही.

पायवाट

दोघांशीही बोललो. त्याने तीन नाही, दोनच गोष्टी सांगितल्या. त्यातली एक केट्या. दुसरी इथे लिहीत नाही. वहिनी म्हणाली, माझं काही नाही, उलट माझीच एक गोष्ट घे. ते दोघं पहिल्यांदा भेटायचे होते तेव्हाची. तिनेच परवानगी दिली, म्हणून घेतली. दुसरा मसुदा:

> हा रस्ता विचारत नाही. पुण्यात राहतो, म्हणजे विचारला तरी कुणी धड सांगणार नाही, हे याचं म्हणणं.
>
> दिवेआगरला निघालो होतो. ताम्हिणी उतरलो, माणगाव गेलं, म्हसळा गेलं, सरळ रस्ता समोर. हा म्हणाला, इथून आत घे. किती वेळ लागेल? अर्धा तास. वळण घेतलं आणि समोर आलं तुळशीवृंदावन. आजी बाहेर आल्या. आम्हा पाचही जणांकडे एकेक करून नीट बघितलं. म्हणाल्या, 'या, या. तुमच्यातला मुलगा कुठला?' आम्ही चौघांनी बोट दाखवलं... याच्याकडे. मुलगी बघायला पाहुणे यायचे होते तिथे. याचे पहिले कांदेपोहे आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले.
>
> मग खऱ्या मुलीला भेटायची वेळ आली. ती डेक्कनवर वेळेत हजर. फोन केला, कुठे आहेस? हा म्हणाला... (इथे थांबायचं, लोक म्हणतील) ...आणि त्यानंतर दीड तासाने आला. कोथरूडहून. ती थांबली. ती का थांबली हे मला आजपर्यंत कळलेलं नव्हतं, पण मलाही एकदा हा अर्धा तास मिळालेला आहे.
>
> तोरण्यावरून वेल्ह्याला उतरत होतो. माझा गुडघा गेला होता. बाकीचे एसटी धरायला पुढे गेले. हा दोन सॅक घेऊन माझ्या मागे. मी विचारायचो, अजून किती? अर्धा तास. परत विचारायचो. अर्धा तास. चार तास लागले. खाली आल्यावर मी याच्यावर ओरडलो. हा म्हणाला, 'माहीत होतं रे मला. चार तास सांगितले असते तर तू खाली बसला असतास.'
>
> नकाशा, त्या दिवशी तू रस्ता चुकला नव्हतास. वहिनी, हा अर्धा तास म्हणाला की थांबा. येतो.

मोबाईलवर वेळ लावून वाचलं. अडीच मिनिटं झाली. पाच सांगितली आहेत, वाढवू का?

शेवटचा बाक

अजिबात नको. हसू आणि थांबणं धरून साडेतीन-चार होतील. पहिल्या ओळीतला पुण्याचा टोमणा छोटा आणि नक्की आहे, राहू दे. शंका एकच आहे. 'मलाही एकदा हा अर्धा तास मिळालेला आहे' हे वाक्य पुढचं थोडं फोडतं. ठेवायचं की काढायचं, मला ठरवता येत नाही. मोठ्याने दोन्ही म्हणून बघ.

सदाफुली

ठेवा. त्याशिवाय डेक्कनवरून एकदम तोरण्यावर उडी बसते.

निळावंती

'ती का थांबली' यावर तिच्या मैत्रिणी तिला चिडवतील, आणि ते तिला आवडेलसं वाटतंय. वेळ कुठली ठरवली आहे? स्टार्टर संपल्यावर, मुख्य जेवणाची ऑर्डर जायच्या आधी घ्या. एकदा ताटं आली की कुणी ऐकत नाही.

पायवाट

(रविवारी रात्री)

झालं. सगळं सांगतो.

वेळेत घोळ झालाच. निळावंतींनी सांगितल्याप्रमाणे स्टार्टरनंतर उभा राहिलो, पण कुणीतरी आधीच दोन सिझलर मागवले होते. 'आजी बाहेर आल्या' म्हणालो आणि दार उघडून आत आले दोन सिझलर, चर्रर्र आवाज करत. सगळ्यांच्या माना तिकडे. मी गप्प बसलो, आवाज विरेपर्यंत, आणि मग 'वळण घेतलं' पासून परत सांगितलं. चाललं. पुढच्या वेळी वेटरला आधी सांगून ठेवेन.

'तुमच्यातला मुलगा कुठला' वर जेवढं हसतील वाटलं होतं तेवढे हसले नाहीत. बोट दाखवल्यावर हसले, टेबल वाजवून. डेक्कनच्या गोष्टीला मी थांबलो आणि सगळ्यात आधी 'अर्धा तास' ओरडल्या तिच्या दोन मैत्रिणी. त्यांना ही गोष्ट आधीपासून पाठ होती.

'मलाही एकदा' हे वाक्य ठेवलं. ते म्हणालो आणि याने मान वर केली. त्याला कळलं पुढे काय येणार आहे. मग मला बघवेना त्याच्याकडे, उरलेलं मी बरंचसं पाण्याच्या जगकडे बघून बोललो. 'तू' म्हणताना मात्र बघितलं. तो उठून आला. पुढचं इथे लिहीत नाही.

वहिनीने नंतर मला विचारलं, गुडघा आता कसा आहे.

काकडआरती

उखाणा घेतला का?

पायवाट

घेतला काका. दुसऱ्या ओळीत अडकला. सगळ्यांनी विचारलं, अजून किती वेळ, तर त्याच्या आधी वहिनीनेच सांगितलं.

रविवारचा पाहुणा

छान झालं. व्हिडिओ आहे का? आणि ती डेक्कनची गोष्ट त्याला आधी माहीत होती की नव्हती, हे सांग. माझा मुद्दा अजून तिथेच आहे.

पायवाट

व्हिडिओ नाही काढला, फोन सगळ्यांनी मधल्या परडीत ठेवले होते. डेक्कनची गोष्ट मी सांगणार हे त्याला माहीत नव्हतं. विचारलं त्याला काल, आधी सांगायला हवं होतं का? म्हणाला, बघू, विचार करून सांगतो.